फ्लेक्सी-कॅप, मल्टी-कॅप, मिड-कॅप : मॅनेजरची मोकळीक कशी तपासावी

मिड-कॅप फंडात सगळा पैसा मध्यम कंपन्यांतच असतो आणि फ्लेक्सी-कॅप हे मल्टी-कॅपचेच नवे नाव आहे, हे दोन्ही सल्ले आजही सर्रास दिले जातात. दोन्ही चुकीचे आहेत आणि त्यांच्या भरवशावर पैसे गुंतवलेले लोक मी अनेकदा पाहिले आहेत.

पहिली पायरी, नावाने घातलेली बंधने लिहून काढावीत. सेबीच्या 2017 च्या परिपत्रकानुसार बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्या लार्ज-कॅप, 101 ते 250 मिड-कॅप आणि 251 पासून पुढच्या स्मॉल-कॅप ठरतात. मिड-कॅप फंडाने 100 रुपयांपैकी किमान 65 रुपये मिड-कॅपमध्ये ठेवायचे असतात. उरलेले 35 मोठ्या कंपन्यांत, लहान कंपन्यांत किंवा रोख ठेवण्याची मॅनेजरला मुभा असते. मल्टी-कॅपवर 2020 च्या सप्टेंबरपर्यंत अशी वाटणी बंधनकारक नव्हती आणि अनेक योजनांचा भर मोठ्या कंपन्यांवरच होता; तेव्हा सेबीने तिन्ही गटांत किमान 25-25 टक्के ठेवण्याची अट घातली. लगेच नोव्हेंबरमध्ये फ्लेक्सी-कॅप हा नवा गट आला. त्यात किमान 65 टक्के समभाग असले की पुरे, गटांची अट नाही. अनेक जुन्या मल्टी-कॅप योजना तेव्हा या गटात गेल्या.

दुसरी पायरी, फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून योजनेचे मासिक पोर्टफोलिओ आणि म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीची, कोणती कंपनी कोणत्या गटात ते सांगणारी यादी उतरवून घ्यावी. दोन वर्षांचे पोर्टफोलिओ पुरेसे आहेत.

तिसऱ्या पायरीवर मात्र सावकाश जावे, कारण मी इथेच फसलो होतो. फॅक्टशीटमधले लार्ज, मिड, स्मॉलचे टक्के महिन्यामागून महिना मांडले की मॅनेजर काय करतो ते कळते, अशी माझी समजूत होती. एका योजनेत जानेवारीत मिड-कॅपचा वाटा एकदम घसरला, तेव्हा मॅनेजरने धोरण बदलले असे मानून मी पैसे काढून घेतले. प्रत्यक्षात त्याने एकही शेअर विकला नव्हता. ॲम्फीची यादी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला, मागील सहा महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्यावरून नव्याने लागते, आणि त्यात काही कंपन्यांचा गट बदलतो. फंड तोच, शेअर तेच, फक्त त्यांच्यावरची पाटी बदललेली असते.

म्हणून टक्के बाजूला ठेवून शेअरसंख्येचा रकाना पाहावा. समजा, एका फ्लेक्सी-कॅप योजनेत डिसेंबरअखेर लार्ज 62, मिड 24, स्मॉल 10 आणि रोख 4 टक्के आहे. जानेवारीअखेर लार्ज 70 आणि मिड 16 दिसते. मिडमधल्या दोन कंपन्या, एक 5 टक्क्यांची आणि दुसरी 3 टक्क्यांची, नव्या यादीत लार्ज झाल्या. त्यांचे 4,00,000 आणि 1,50,000 शेअर दोन्ही महिन्यांत जसेच्या तसे आहेत. याला मॅनेजरचा निर्णय म्हणता येत नाही. पण तिसऱ्या एखाद्या कंपनीचे शेअर 3,00,000 वरून 2,10,000 वर आले असतील, तर तो निर्णय आहे. संख्या अचानक दुप्पट दिसली, तर बोनस किंवा स्प्लिट झाला आहे का ते आधी तपासावे.

हीच पदोन्नती तीन फंडांत तीन परिणाम करते. फ्लेक्सी-कॅपमध्ये काहीच करावे लागत नाही. मिड-कॅप फंडात तो शेअर मोकळ्या 35 मध्ये जातो आणि मिडचा वाटा 65 च्या वर असेपर्यंत ठेवता येतो. मल्टी-कॅपमध्ये मिड 26 टक्के असताना 3 टक्क्यांची कंपनी वर गेली, तर उरतात 23, आणि नव्या यादीनंतर एका महिन्याच्या आत मिडचा वाटा पुन्हा किमान 25 वर आणावा लागतो. त्यामुळे मल्टी-कॅपने जानेवारीत किंवा जुलैत मिड-कॅप खरेदी केले, तर त्याला मध्यम कंपन्यांविषयीचे मत समजू नये. ती सक्तीही असू शकते.

चौथी पायरी, फंडाचा आकार. कागदावर मोकळीक असली, तरी फार मोठ्या फ्लेक्सी-कॅपला लहान कंपन्यांत झटपट शिरता किंवा बाहेर पडता येत नाही, कारण तेवढे शेअर बाजारात रोज विकायला येत नाहीत. मिड-कॅप फंडांसाठी ही अडचण मोजता येते: 2024 पासून पोर्टफोलिओचा निम्मा आणि पाव भाग विकायला किती दिवस लागतील, हे त्यांना जाहीर करावे लागते. ते आकडे जरूर पाहावेत.

शेवटी, शेअरसंख्येवरून दिसलेले खरे निर्णय तेवढे एका कागदावर उतरवावेत. दोन वर्षांत फ्लेक्सी-कॅपने मोठ्या कंपन्यांचा वाटा 65 ते 75 टक्क्यांच्या बाहेर नेलाच नसेल, तर तुमच्याकडे आधीच असलेल्या लार्ज-कॅप फंडाशी त्याची कंपनीवार तुलना करावी आणि बहुतेक नावे जुळली, तर दोहोंपैकी एकच ठेवावा.