‘सुरमई थंड होती’: हॉटेलच्या वाईट रिव्ह्यूंना उत्तर कसं द्यायचं आणि चूक नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

ठाण्यात आमची मालवणी थाळीची छोटी खानावळ आहे. बारा टेबलं, एक मुदपाकखाना, आणि गल्ल्यावर मी. रिव्ह्यूंना उत्तरं देऊन देऊन आता मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो ‘प्रत्येक रिव्ह्यूला नम्रपणे उत्तर द्या, रेटिंग आपोआप वाढेल’ असं सांगणाऱ्यांचा. नम्र उत्तराने मासा गरम होत नाही.

१. उत्तर लिहा, पण लांबण लावू नका

राग आला असेल तर एक रात्र जाऊ द्या. दोन दिवसांच्या पुढे मात्र नेऊ नका. उत्तर त्या गिऱ्हाइकासाठी कमी आणि उद्या हॉटेल शोधताना ते वाचणाऱ्यासाठी जास्त असतं. चार वाक्यं पुरतात: काय बिघडलं ते त्याच्याच शब्दांत, एक सरळ माफी, आपण काय तपासतोय, आणि फोन कुठे करायचा. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य सगळ्यांखाली चिकटवू नका. तीन रिव्ह्यू वाचले की ते कॉपी-पेस्ट आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

माझं हल्लीचं एक उत्तर असं होतं: ‘सुरमई थंड आली आणि वीस मिनिटं थांबावं लागलं, हे चुकलंच. माफ करा. रविवारी दुपारी ताटं कुठे अडकतात ते आम्ही शोधतोय. बिल जवळ असेल तर खालच्या नंबरवर कळवा, मी स्वतः बोलेन.’

‘बाकी कोणाचीच तक्रार नाही’ असं लिहिलंत तर भांडण तुम्ही सुरू केलंत. फुकट जेवणाचं आमिष दाखवून रिव्ह्यू बदलून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि बाकीच्या वाचकांनाही ते दिसतं. खोटा रिव्ह्यू असेल तर रिपोर्ट करा. पण नुसता कडू आहे म्हणून गुगल तो काढत नाही, नियमभंग असावा लागतो.

२. रिव्ह्यू आला त्याच दिवशी वहीत उतरवा

हे का, तर गुगलवर थोड्या दिवसांनी तारीख दिसत नाही, नुसतं ‘दोन महिन्यांपूर्वी’ दिसतं. मग रविवार होता की बुधवार, कसं कळणार?

३. आता खरं अवघड काम: तक्रारीमागची जागा शोधणं

इथे मी वर्षभर चुकलो. मी तीन खाने पाडले होते, जेवण, सर्व्हिस आणि किंमत, आणि प्रत्येक रिव्ह्यू त्यातल्या एकात टाकायचो. महिन्याच्या शेवटी जेवणाखाली नऊ, सर्व्हिसखाली सात. म्हणून आचाऱ्याला बोललो, वेटरांना बोललो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच आकडे. गिऱ्हाईक त्याला जे जाणवलं ते लिहितो. चूक स्वयंपाकघरात कुठे झाली ते त्याला दिसत नाही, आणि माझे खाने त्याच्याच शब्दांवर बेतलेले होते.

आता माझ्या वहीत एवढंच असतं: जेवायला आला तो वार, अंदाजे वेळ, बसून की पार्सल, पदार्थ, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. वार जेवणाचा धरायचा, रिव्ह्यूचा नाही. सोमवारी सकाळी आलेला रिव्ह्यू बहुधा रविवारचा असतो. वेळ लिहिलेली नसेल तर फोन करणाऱ्याला विचारायची, नाहीतर पदार्थांवरून बिल शोधायचं. पार्सलच्या तक्रारी वेगळ्या पानावर. डिलिव्हरीवाला सिग्नलला अडकला तरी शिव्या आपल्यालाच बसतात, त्या ह्या हिशेबात घेतल्या तर सगळाच घोळ होतो.

आणि चार-पाच स्टारचे रिव्ह्यूही उतरवा. ‘चव एक नंबर, फक्त थोडं थांबावं लागलं’ हे वाक्य मला एक स्टारच्या दहा ओळींपेक्षा जास्त सांगून जातं. एक स्टारवाल्याचं पार्किंगवरूनही डोकं तापलेलं असू शकतं.

अशी दोन महिन्यांची वही भरली तेव्हा तीन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या: भाकरी कडक, मासा थंड, सर्व्हिस स्लो. वरवर तीन वेगळ्या गोष्टी. वेळेप्रमाणे मांडल्यावर मात्र मजा दिसली. जवळजवळ सगळ्या रविवारच्या. ‘भाकरी कडक’वाले दीडच्या आसपास बसलेले, आणि ‘मासा थंड’ व ‘स्लो’वाले सव्वादोननंतरचे.

पुढच्या रविवारी मी गल्ला सोडून पिकअपच्या काउंटरपाशी उभा राहिलो. केओटीवर, म्हणजे मुदपाकखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ऑर्डरची वेळ छापलेली असतेच. मी त्यावर पेनाने आणखी दोन वेळा टाकल्या: मासा तव्यावरून उतरला ती, आणि ताट बाहेर गेलं ती. वीस केओटी पुरल्या. दोनच्या पुढे तळलेली सुरमई वाटीशेजारी ताटात पंधरा-वीस मिनिटं नुसती पडून होती. भाकरीची वाट पाहत.

हिशेब साधा होता. दीड ते अडीचमध्ये साठेक तांदळाच्या भाकऱ्या लागतात. आमच्या बाई एका तव्यावर तासाला तीस करतात. वीस त्या बारा वाजताच करून ठेवायच्या. त्या दीडच्या लोकांना जायच्या, तोवर कडक झालेल्या. उरलेल्या दहा कमी पडायच्या, म्हणजे वीस मिनिटांची रांग, आणि त्या रांगेत मासा गार. तिन्ही तक्रारी एका तव्याच्या.

ह्याआधी मी काय केलं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. ‘मासा थंड’ वाचून मी सुरमई ताट निघताना परत तव्यावर टाकायला लावली होती. महिन्याभरात ‘मासा सुका, चामट’ असे रिव्ह्यू सुरू झाले. लक्षणावर इलाज केला की वहीत नवीन तक्रार येते. ती आली की समजा, जागा चुकली.

एकट्यादुकट्या तक्रारीमागे धावू नका. एकच वेळ, एकच जागा अशा तीन जमल्या की उठा. अपवाद दोनच: जेवणात केस, खडा असं काही सापडलं, किंवा कोणाचं पोट बिघडलं. त्याला तिसऱ्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी तपासायचं.

४. दुरुस्ती एकच करा आणि घड्याळ लावा

आम्ही रविवारी साडेबारा ते साडेतीन दुसरा तवा आणि दुसऱ्या बाई ठेवल्या, आधी करून ठेवणं बंद केलं. शिवाय भाकरी तव्यावर पडल्याशिवाय सुरमई तळायला घ्यायची नाही, हे आचाऱ्याला सांगितलं. तो आधी कुरकुरला. ह्याच्या जोडीला मेन्यू किंवा दर बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. रिव्ह्यूंची वाटही पाहत बसू नका, ते उशिरा येतात. पुढच्या रविवारी पुन्हा वीस केओटींवर वेळा टाका. आमचा मासा आता तीन-चार मिनिटांत बाहेर जातो.

मग जुन्या उत्तरांकडे या. गुगलवर आपलं उत्तर नंतर बदलता येतं. ‘शोधतोय’ लिहिलं होतं तिथे ‘रविवारी दुसरा तवा सुरू केला आहे’ असं लिहा.

सहा रविवारांत ‘थंड’ एकदाही आलं नाही. सध्या वहीत ‘अडीचला सोलकढी संपली होती’ असं दोनदा आलंय. तिसऱ्याची वाट पाहतोय.