परदेशी मापाच्या तक्त्याचा फोटो: ऑर्डरआधी काय तयार ठेवायचं

परदेशी ऑनलाइन दुकानातून कपडे किंवा बूट मागवताना सगळ्यात आधी एम, एल, एक्सएल ही अक्षरं बाजूला ठेवा. एका दुकानाचा एल दुसऱ्याच्या एमपेक्षा लहान निघतो, आणि नेटवर फिरणारे 'आशियाई एल म्हणजे आपला एम' छापाचे नियम एखाद्या दुकानाला लागू पडतात, पुढच्याला नाही. विश्वास ठेवायचा तो सेंटीमीटरच्या आकड्यांवर. त्यासाठी तीन गोष्टी हाताशी असू द्या: शिंप्याची टेप, कागद-पेन, आणि कपाटातला असा एक कपडा जो तुम्हाला अगदी मनासारखा बसतो. शर्ट घ्यायचा असेल तर शर्टच काढा. टी-शर्ट ताणला जातो, त्यामुळे त्याच्या मापावरून शर्ट ठरवता येत नाही.

कपडा धुतलेला, सुकलेला असावा. बटणं लावून टेबलावर पसरा, सुरकुत्या हाताने सारख्या करा, पण ओढू नका. काखेच्या शिवणीपासून समोरच्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा आणि आकडा दुप्पट करा, म्हणजे छातीचा घेर मिळाला. खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत खांदा. मागच्या कॉलरच्या खालून टोकापर्यंत लांबी. बाही शेवटी मोजा. ती थोडी कमीजास्त झाली तरी निभतं, खांदा चुकला तर निभत नाही.

आता दुकानाने दिलेल्या मापांच्या तक्त्याचा फोटो. पानावर दिसणारी छोटी प्रत नको, चित्र उघडून पूर्ण आकारात जतन करा. फोनमधलं भाषांतराचं ॲप वापरा, पण फक्त मथळ्यांसाठी. आकडे मात्र मूळ चित्रातूनच वाचा, कारण भाषांतराचा थर आकड्यांवर चढतो आणि अंधुक ३ चा ८ होतो. पकडायची सोपी युक्ती अशी की तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा ठरावीक पायरीने चढतात. छातीचा रकाना १०४, १०८, ११२ असा चार-चारने चालला असेल आणि मध्येच ११८ आला, तर आधी डोळे किंवा ॲप चुकलं असं समजा आणि चित्र मोठं करून पाहा.

चिनी तक्ता असेल तर मथळे थोडेच असतात. 尺码 म्हणजे साइज, 胸围 छातीचा घेर, 肩宽 खांदा, 衣长 लांबी, 袖长 बाही. हे चार-पाच शब्द कागदावर उतरवून ठेवले की पुढच्या प्रत्येक खरेदीला कामी येतात. जपानी दुकानात छातीसाठी बहुधा 身幅 दिसेल, आणि तिथे सावध राहा: ते कपडा पसरून काढलेलं एका बाजूचं माप आहे, दुप्पट करायचं. मथळा कळलाच नाही तर आकड्याकडे पाहा. मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शर्टाला १००च्या पुढचा आकडा असेल तर तो सेंटीमीटरमधला पूर्ण घेर, ५०-५५ असेल तर एका बाजूचं माप, चाळिशीच्या आसपास असेल तर इंचातला घेर.

याच्याही पुढचा प्रश्न म्हणजे हे माप कपड्याचं आहे की अंगाचं? इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. चिनी लेबलवर 175/96A असं दिसलं, तर ते अंगाचं माप आहे. उंची १७५, छाती ९६, आणि शेवटचं अक्षर छाती-कंबरेतल्या फरकाचं. कपडा त्याहून मोठाच शिवलेला असतो, कारण हात हलवायला, श्वास घ्यायला जागा लागते. न ताणणाऱ्या कापडाच्या साध्या शर्टाला साधारण आठ ते बारा सेंटीमीटर सैलपणा ठेवतात. ९६च्या छातीचा माणूस कपड्याच्या रकान्यातला ९६ निवडून बसला, तर बटणं लागली तरी बसताना ताणली जातील.

एक उदाहरण पूर्ण करू. तुमची छाती अंगावर ९८ भरते. आवडता शर्ट पसरून ५५, म्हणजे घेर ११०. खांदा ४६, लांबी ७२. तक्त्यात एल पुढे छाती १०८, खांदा ४५.५, लांबी ७०. एक्सएल पुढे ११२, ४७ आणि ७२. तुमचे ११० बरोबर मध्ये पडले. अशा वेळी तक्त्याखालची बारीक ओळ वाचा. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की हाताने मोजल्यामुळे एक ते तीन सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. एल तीनने कमी आला तर १०५, म्हणजे अंगावर फक्त सात सेंटीमीटर सैलपणा उरला, आणि लांबी तर आधीच दोनने कमी. एक्सएल तीनने वाढला तर ११५, थोडा ढगळ, पण घालता येईल. म्हणून एक्सएल, भले घरचे सगळे शर्ट एल का असेनात. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेही याच बाजूला झुकतं.

खाली उंची-वजनाचा दुसरा तक्ता दिला असेल तर तो फक्त पडताळ्यासाठी ठेवा. त्यात वजनापुढे 斤 दिसलं तर निम्मं करा: तो चिनी 'जिन' अर्धा किलोचा असतो, म्हणजे १४० ओळीतला माणूस ७० किलोचा. पँटच्या कंबरेला 尺 दिसलं तर एक चि म्हणजे सुमारे ३३.३ सेंटीमीटर, त्यामुळे 2尺4 ही ८० सेंटीमीटरची कंबर झाली.

बुटांसाठी कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर वजन टाकून उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. हे संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. आणि ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच चढवा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. समजा २५.३ आला. जपानी बुटावर सेंटीमीटरच छापतात, तर २५.५ घ्या. कोरियात आणि नव्या चिनी पद्धतीत मिलिमीटर असतात, म्हणजे 255. जुना चिनी नंबर काढायचा तर सेंटीमीटर दुप्पट करून दहा वजा करा: २५.५ला ४१.

युरोपियन, ब्रिटिश, अमेरिकन नंबरांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत याचं कारण असं की हे नंबर मुळात पायाचे नाहीत, बुटाच्या साच्याच्या लांबीवरून आलेले आहेत. साच्यात बोटांपुढे किती जागा सोडायची हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. अमेरिकन नंबरात तर पुरुषांचा आणि बायकांचा वेगळा चालतो. त्यामुळे तक्त्यात सेंटीमीटरचा रकाना शोधा, आणि त्याचं शीर्षक 脚长 आहे की 内长 ते पाहा. पहिलं पायाची लांबी सांगतं, तिथे २५.५ पुरे. दुसरं बुटाच्या आतली लांबी सांगतं, तिथे २५.५ घेतलात तर बोटं पुढे टेकतील; २६ ते २६.३ हवं.

पाय रुंद असेल तर एक नंबर वर जाण्याची सवय सोडा, त्याने टाच सुटते. विक्रेत्याला पायाची रुंदी कळवून त्याच नंबरात रुंद साचा आहे का ते विचारा. नसेल तर दुसरं मॉडेल बघितलेलं बरं.