एका खोलीसाठी विटा, सिमेंट आणि वाळू: हिशेबातल्या या चुका टाळा

हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा गुणाकारात नव्हे, तर दुसऱ्याचा आकडा आपल्या भिंतीला लावण्यात. म्हणून एकच खोली घेऊ: आतून 12 × 10 फूट, उंची 10 फूट, 9 इंची भिंत, एक दरवाजा 3 × 7 आणि दोन खिडक्या 4 × 4. पाया व स्लॅब वेगळे. येथे फक्त जोत्यावरचे वीटकाम आणि गिलावा.

पहिली चूक लांबीची. आतून मोजले तर भिंतींची लांबी 44 फूट भरते आणि बाहेरून 50. पहिल्यात कोपरे सुटतात, दुसऱ्यात ते दोनदा धरले जातात. भिंतीच्या मध्यरेषेने मोजावे, म्हणजे 47 फूट. 47 × 0.75 × 10 म्हणजे साडेतीनशेच्या वर घनफूट. त्यातून दरवाजा, खिडक्या आणि चारही बाजूंनी फिरणारे 6 इंची लिंटेल वजा केले की सुमारे 295 घनफूट वीटकाम उरते.

आता विटा. ‘एका घनमीटरला 500’ हा आकडा जो तो पाठ म्हणून दाखवतो, पण तो 19 × 9 × 9 सेंटिमीटरच्या विटेचा आहे. आपल्या भट्टीची वीट 9 × 4 × 3 इंचांची असेल, तर अर्ध्या इंचाचा सांधा धरून या खोलीला सुमारे 3,400 विटा लागतात. पाठ केलेला आकडा लावला तर त्या 4,100 च्या पुढे जातात. उलट भट्टीवाल्याने साडेआठ × पावणेचार × पावणेतीनची वीट दिली, तर भिंत थोडी पातळ होते हे धरूनही सुमारे 3,875 लागतील. म्हणून मी दर सांगणाऱ्याचे ऐकण्याआधी 20 विटा एका ओळीत लावून फितीने मोजतो आणि 20 ने भागतो. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही. एकच वीट मोजून समाधान मानणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. फूटतूट म्हणून शेकडा पाच वाढवावे.

सिमेंटची सर्वांत महाग चूक म्हणजे ओल्या मसाल्याचे आकारमान कोरड्या मालाचे समजणे. 295 मधून विटांचे 213 घनफूट गेले की मसाला 82 घनफूट उरतो. पण वाळूच्या कणांमधील पोकळीत सिमेंट बसत असल्याने तेवढ्या मसाल्यासाठी कोरडा माल सव्वा ते दीडपट, मी 1.33 पट धरतो, म्हणजे सुमारे 109 घनफूट लागतो. 1:6 प्रमाणाने त्यात सिमेंट साडेपंधरा घनफूट. 50 किलोची पिशवी साधारण 1.23 घनफुटांची, म्हणजे 13 पिशव्या, आणि वाळू सुमारे 94 घनफूट, म्हणजे 100 घनफुटांच्या एका ब्रासपेक्षा थोडी कमी.

हे गणित बरोबर असूनही कामावर फसते, ते वाळूमुळे. सांगलीकडच्या एका कामावर पावसाळ्याच्या तोंडावर ओली वाळू उतरवली होती. तेराव्या पिशवीनंतर वरचे पाच-सहा थर राहिले आणि मालकाने गवंड्यावर सिमेंट विकल्याचा थेट आरोप केला. मी तेथे बादलीत वाळू सैल भरली, तिची उंची 20 सेंटिमीटर भरली. तीच वाळू बादलीत पाणी घेऊन त्यात परत टाकली, ढवळली आणि बसू दिली, तेव्हा उंची 16 वर आली. म्हणजे वाळू चौथाई फुगलेली होती. गवंडी घमेल्याने मोजून एकास सहा टाकत होता, पण खरे प्रमाण एकास पाचपेक्षाही कमी झाले होते, त्यामुळे सिमेंट अडीच-तीन पिशव्या अधिक खाल्ले गेले आणि गाडीतल्या एका ब्रासमध्ये खरी वाळू 80 घनफूटच आली होती. दोन मिनिटांची ही चाचणी ‘वेळ नाही’ म्हणून टाळणारे पुढे दोन दिवस भांडतात. फुगवटा जेवढा, तेवढी वाळू मोजताना वाढवावी. कोरड्या वाळूला हा हिशेब लागू नाही.

गिलावा विसरू नये. आत अर्धा इंच, बाहेर पाऊण इंच आणि 1:4 मसाला धरला, सांध्यांत जाणारा माल मिळवला, तर सुमारे 12 पिशव्या आणि 0.6 ब्रास वाळू लागते, म्हणजे सिमेंट जवळपास वीटकामाएवढेच. एकूण 25 पिशव्या होतात, पण त्या एकदम आणू नयेत. वीटकामाच्या 13 आधी आणाव्यात आणि गिलाव्याच्या 12 गिलावा सुरू होईल त्या आठवड्यात.