जुन्या प्रश्नपत्रिकांतून फिजिओलॉजीचे वारंवार येणारे मुद्दे कसे शोधावेत: किडनीच्या प्रश्नांवर करून दाखवलेली पद्धत

परीक्षा जवळ आली की आयएमपी याद्या फिरायला लागतात. त्या बहुतेक सगळ्या एकाच पद्धतीने बनलेल्या असतात: कोणीतरी जुने पेपर चाळतो, जे शीर्षक तीन-चार वेळा दिसते त्यापुढे तारा काढतो आणि बाकीचे सोडून देतो. असल्या यादीवर फिजिओलॉजीचा अभ्यास करू नका. या विषयात परीक्षक तेच शीर्षक क्वचितच जसेच्या तसे विचारतो. तो तीच यंत्रणा वेगळ्या दाराने विचारतो आणि शीर्षके मोजणाऱ्याला ते दिसतच नाही.

पेपर गोळा करा. सध्याच्या अभ्यासक्रमाचे मिळतील तेवढे सगळे घ्या, पुरवणी परीक्षेचेही. पेपरचे स्वरूप बदलण्याआधीचे पेपर विषय ओळखायला चालतात, पण गुणांची बेरीज करताना ते बाजूला ठेवा. सर्वांत अलीकडचे दोन पेपर आत्ता उघडू नका, त्यांचे काम शेवटी आहे.

तक्ता भरा. एका उपप्रश्नाला एक ओळ. वर्ष, गुण, प्रश्नाचे पूर्ण शब्द आणि प्रश्न सक्तीचा की ऐच्छिक, एवढे रकाने पुरतात. प्रश्न आपल्या शब्दांत आटोपशीर करून लिहू नका. ‘वर्णन करा’, ‘कारण द्या’, ‘आकृती काढून समजवा’ हे शब्द पुढे लागतात.

आता प्रत्येक ओळीला गाभा द्या. सगळी पद्धत याच पायरीवर उभी आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. मलाही सुरुवातीला सगळ्यात जड गेली ती हीच पायरी, म्हणून इथे सावकाश जाऊ. गाभा म्हणजे उत्तर लिहायला लागणारी यंत्रणा. धड्याचे नाव म्हणजे गाभा नव्हे आणि प्रश्नातला ठळक शब्द म्हणजेही गाभा नव्हे.

नमुन्यासाठी किडनीच्या धड्यातले, वेगवेगळ्या पेपरांत येतात तशा धाटणीचे नऊ प्रश्न घेऊ.

1. काउंटरकरंट यंत्रणेचे वर्णन करा. (10 गुण)
2. टीप लिहा: व्हासा रेक्टा. (5)
3. टीप लिहा: किडनीवर एडीएचचे कार्य. (5)
4. कारण द्या: फ्युरोसेमाइड दिल्यावर लघवी गाढ होऊ शकत नाही. (3)
5. एका रुग्णाला खूप आणि पातळ लघवी होते. पाणी बंद ठेवले तरी ती गाढ होत नाही, एडीएच दिल्यावर मात्र होते. बिघाड कुठे आहे ते सकारण सांगा. (5)
6. जीएफआर म्हणजे काय? त्यावर परिणाम करणारे घटक सांगा. (10)
7. टीप लिहा: इन्युलिन क्लिअरन्स. (5)
8. टीप लिहा: जक्स्टाग्लोमेरुलर अ‍ॅपरेटस. (5)
9. रक्तदाब थोडाफार बदलला तरी जीएफआर जवळपास स्थिर का राहतो? (5)

धड्याच्या नावाने मोजलेत तर उत्तर येईल ‘किडनी महत्त्वाची’. ते कोणालाही माहीत असते. शीर्षकाने मोजलेत तर नऊ वेगळे मुद्दे, प्रत्येक एकदाच आलेला, म्हणजे हाती काहीच नाही. आता उत्तरांकडे बघा. हेन्लेच्या लूपची जाड चढती बाजू मीठ बाहेर काढते, पण पाण्याला वाट देत नाही, त्यामुळे मेडुला खोलवर 1200 मिलिऑस्मोलच्या आसपास खारट होत जातो. व्हासा रेक्टा तो खारटपणा रक्ताबरोबर वाहून जाऊ देत नाहीत. एडीएच कलेक्टिंग डक्टमध्ये अ‍ॅक्वापोरिन-2 च्या वाटा उघडते आणि पाणी त्या खारट मेडुलात ओढले जाते. एवढी एक साखळी पक्की झाली की पहिले पाचही प्रश्न सुटतात. पहिला प्रश्न मेडुला खारट कसा होतो ते विचारतो, दुसरा तो तसाच कसा राहतो ते, आणि तिसरा त्याचा उपयोग कसा होतो ते. चौथ्यात फ्युरोसेमाइड जाड चढत्या बाजूतले मीठ काढणेच थांबवते, म्हणून खारटपणाच तयार होत नाही. पाचव्यात मेडुला ठीक आहे, किडनी एडीएचला प्रतिसादही देते, पण शरीरात एडीएच पुरेसे नाही. या पाचांचा गाभा एकच: लघवी गाढ होणे. सुटे मोजले तर कोणताही प्रश्न 10 गुणांच्या पुढे जात नाही, एकत्र मोजले तर 28 होतात.

सहावा आणि सातवा प्रश्न मात्र एकत्र करू नका, दोन्हीत जीएफआर असला तरी. सहाव्याला ग्लोमेरुलसमधल्या दाबांचा हिशेब लागतो. सातव्याला C = UV/P हे सूत्र लागते आणि इन्युलिनच का वापरायचे तेही सांगावे लागते: ते पूर्ण गाळले जाते, परत शोषले जात नाही आणि नलिकेत वेगळे स्रवतही नाही. एकाचे उत्तर पाठ असूनही दुसऱ्याला चार ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून गाभे दोन.

कसोटी साधी आहे आणि मी ती प्रत्येक वादग्रस्त ओळीला लावते. एका प्रश्नाचे चांगले उत्तर येणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक न उघडता दुसऱ्याचे निम्म्याहून जास्त उत्तर लिहिता येईल का? येत असेल तर गाभा एक. नवी आकृती किंवा नवे सूत्र लागत असेल तर गाभा वेगळा.

आठवा प्रश्न अवघड आहे. मॅक्युला डेन्सा नलिकेतल्या मिठावर लक्ष ठेवून अ‍ॅफेरन्ट आर्टिरिओल आकुंचित करते, म्हणून तो नवव्या प्रश्नाबरोबर ‘जीएफआरचे स्वयंनियमन’ या गाभ्यात जातो. पण तिथूनच रेनिनही येते आणि ते रक्तदाबाच्या गाभ्यातले आहे. अशा ओळीला मुख्य गाभा एकच द्या, ज्यात उत्तराचे जास्त गुण आहेत तो. दुसरा शेजारच्या रकान्यात नोंदवा, पण त्याला गुण देऊ नका. दोन्हीकडे गुण दिलेत की बेरीज फुगते आणि जोडलेले विषय खऱ्यापेक्षा मोठे दिसतात.

एडीएचबद्दल सक्त ताकीद. पुस्तकात ते पोस्टिरिअर पिट्युटरीच्या धड्यात असते, म्हणून कित्येक जण तिसरा प्रश्न अंतःस्रावी ग्रंथींच्या खात्यात टाकतात आणि किडनीचा सर्वांत मोठा गाभा आपल्याच हाताने फोडतात. प्रश्न एडीएच किडनीत काय करते हा असेल तर तो इथला. एडीएच कशामुळे स्रवते हा असेल तर उत्तरात हायपोथॅलॅमसमधले ऑस्मोरिसेप्टर येतात, तेव्हा गाभा वेगळा. प्रश्न पूर्ण शब्दांत उतरवायला सांगितला तो यासाठीच.

गाभे बरोबर पडलेत का ते बघायला एक दिवस जाऊ द्या. मग कोणत्याही दहा ओळी घ्या, आधीचे गाभे झाकून ठेवा आणि पुन्हा द्या. दोनपेक्षा जास्त ओळी वेगळ्या आल्या तर तुमच्या गाभ्यांच्या सीमा ढिल्या आहेत. प्रत्येक गाभ्यासमोर ‘यात काय येते, काय येत नाही’ अशी एक ओळ लिहा आणि पुन्हा फिरा. हे टाळून थेट बेरजेला गेलात तर आकडे नीटनेटके दिसतील आणि चुकीचे असतील.

मोजणी. आधी तो गाभा किती पेपरांत आला ते मोजा, मग एकूण गुण. एकाच पेपरात एका गाभ्याचे दोन उपप्रश्न आले तरी पेपर एकच. क्रम पेपरांच्या संख्येने लावा, बरोबरी झाली तरच गुणांनी. एखाद्याच पेपरातला 10 गुणांचा प्रश्न दर पेपरात येणाऱ्या 5 गुणांच्या टिपेपेक्षा भरवशाचा नसतो. ऐच्छिक प्रश्नाचे गुण पूर्ण धरले तरी त्यापुढे खूण ठेवा, कारण तो गाभा फक्त ऐच्छिकातच येत असेल तर तुमच्याकडे सुटका आहे.

साचा ओळखा. एका गाभ्याच्या सगळ्या ओळी एकत्र लावून फक्त क्रियापदे आणि गुण वाचा. लघवी गाढ होण्याचा गाभा दीर्घ प्रश्नात ‘वर्णन करा’ म्हणून येतो, लहान प्रश्नात औषधावरचे कारण किंवा रुग्णाची गोष्ट म्हणून. त्यामुळे त्याची तयारी दोन रूपांत हवी: एक पूर्ण आकृती, आणि ‘साखळीचा हा दुवा तुटला तर लघवीचे काय होईल’ या प्रश्नाचे प्रत्येक दुव्याला दोन ओळींत उत्तर. रुग्णाच्या प्रश्नात आकडे, वय आणि औषध बदलतात, तुटलेला दुवा बहुतेक तोच असतो. पुढच्या पेपरात एडीएच देऊनही लघवी पातळच राहिली असे विचारले, तर एडीएच आहे पण किडनीच दाद देत नाही, हे त्याच साखळीवरून सांगता येते.

आता एका सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण तो दरवर्षी कोणाचे तरी नुकसान करतो: ‘हे गेल्या वेळी येऊन गेले, आता येणार नाही’ आणि त्याचा जुळा भाऊ ‘तीन पेपर आले नाही, यंदा नक्की’. समजा एखादा गाभा कोणत्याही पेपरात येण्याची शक्यता निम्मी आहे. तो सलग तीन पेपर न येण्याची शक्यता आठात एक असते. तुमच्याकडे असे वीस गाभे असतील तर त्यांतले दोन-तीन निव्वळ योगायोगाने आत्ता तीन पेपर गैरहजर दिसतील. त्यात परीक्षकाचा काही हेतू नाही. परीक्षक खरोखर ताजा प्रश्न टाळत असेल तर ते तुमच्या तक्त्यात दिसले पाहिजे: लागोपाठच्या पेपरांत एकच गाभा आला आहे का ते बघा. अनेक गाभे तसे आले असतील तर हा सल्ला तुमच्या परीक्षेला लागू नाही. आणि गाभा टाळला नसून फक्त रूप बदलले असेल, दीर्घ प्रश्नानंतरच्या पेपरात तोच लहान प्रश्न होऊन आला असेल, तर गाभा सोडणारा गुण घालवतो.

पडताळा. आता ते बाजूला ठेवलेले दोन पेपर उघडा. तुमच्या यादीतले वरचे एक तृतीयांश गाभे घ्या आणि या पेपरांतले किती गुण त्यांत बसतात ते मोजा. निम्म्याहून खूप कमी बसत असतील तर दोन शक्यता आहेत. न बसलेले प्रश्न तुमच्या यादीत खाली, एकेका ओळीच्या गाभ्यांत विखुरलेले सापडले तर तुम्ही गाभे फार बारीक पाडलेत, ते जोडा. ते यादीत कुठेच नसतील तर पेपर काढण्याची पद्धत बदललेली असू शकते, मग जुन्या पेपरांचे वजन कमी करा आणि अभ्यासक्रमाच्या यादीकडे जास्त बघा. उलट जवळपास सगळेच गुण बसले तर खूश होण्याआधी गाभ्यांची नावे वाचा. ‘हृदय’, ‘चेतासंस्था’ अशी नावे असतील तर ते गाभे नव्हेत, पुन्हा धडेच झाले.

शेवटी अभ्यासक्रमाची यादी तक्त्याशेजारी ठेवा आणि एकदाही न आलेले मुद्दे वेगळे लिहा. ते वगळू नका, पण त्यांना एक वाचन द्या आणि आकृती काढत बसू नका. तो वेळ वरच्या गाभ्यांच्या तुटणाऱ्या दुव्यांना द्या.