टाइमलाइनची स्लाइड करताना या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे एक्सेलचा तक्ता उचलून स्लाइडवर चिकटवणं. तक्त्यात तारखा असतात, पण एकमेकींपासून किती लांब आहेत ते दिसत नाही. कुठलं काम कुठल्या कामासाठी अडलंय, हे तर ‘पूर्वअट’ नावाच्या रकान्यात ओळ क्रमांकाच्या रूपात दडून बसतं.

बुटीबोरीला एका अन्नप्रक्रिया शेडच्या बैठकीत असाच बेचाळीस ओळींचा तक्ता पडद्यावर होता. नवव्या ओळीत मशीनचा पाया ३१ मेपर्यंत भरायचा होता आणि तिसाव्या ओळीत मशीनवाल्याचं ड्रॉइंग १० जूनला येणार होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेअखेरीस ठेकेदाराचा फोन आला, “भाऊ, ड्रॉइंगच नाही तर बोल्ट कुठं बसवू?” ड्रॉइंग येईपर्यंत पाऊस लागला आणि खोदलेले खड्डे पाण्यानं भरले.

हेच स्लाइडवर कसं दिसलं असतं? १६:९ ची स्लाइड जवळपास ३४ सेंटीमीटर रुंद असते. डावीकडे ७ सेंटीमीटर नावांना द्या आणि एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांना प्रत्येकी ४. प्रत्येक जबाबदार माणसाची एक आडवी पट्टी आणि तिच्यावर टप्प्याचा चौकट-आकार. एप्रिलच्या सुरुवातीपासून मोजलं तर ३१ मे ८ सेंटीमीटरवर येतो, १० जून सव्वानऊच्या आसपास. आता ड्रॉइंगपासून पायाकडे बाण काढा. तो उजवीकडून डावीकडे जातो. उलटा बाण म्हणजे प्लॅन मोडलाय, आणि हे शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसतं.

म्हणूनच पॉवरपॉइंटमधल्या स्मार्टआर्टच्या तयार टाइमलाइनवर माझा राग आहे. त्यात टप्पे समान अंतरावर बसतात; दहा दिवस आणि तीन महिने सारखेच दिसतात. दोन मिनिटं वाचवायच्या घाईत नवी पोरं तेच निवडतात आणि उलटा बाण कधी दिसतच नाही.

बाण सगळे काढू नका. एकाच पट्टीतल्या कामांचा क्रम डोळ्यांना आपोआप कळतो. मी फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण ठेवते. ते सहाच्या वर गेले तर स्लाइडवरचे टप्पे कमी करते आणि तपशील मूळ तक्त्यातच राहू देते. बाण साधी रेघ ओढून काढू नका, कनेक्टर वापरून त्याची दोन्ही टोकं आकारांच्या ठिपक्यांना जोडा. मग तारीख बदलून आकार सरकवला की बाण सोबत सरकतो.

जबाबदार म्हणून ‘सिव्हिल टीम’ लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा.

रंग फक्त उशीर झालेल्या टप्प्याला.

टप्पा म्हणजे झालेली गोष्ट: ‘पायाचं काम’ नको, ‘पाया भरून झाला’ लिहा, म्हणजे त्या तारखेला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं.