वन बीएचके दाखवताना दारातच काय बोलायचं आणि मग खोली-खोली कसं फिरवायचं

जळगावात मी रीसेलचे छोटे फ्लॅट दाखवतो. नव्या एजंट पोरांना कोणीतरी सांगून ठेवलंय की दार उघडताच "या या, बघा किती ऐसपैस हॉल आहे" म्हणायचं. हे बोलूच नका. मी दोन वर्षं हेच बोलत होतो आणि एकदा पिंप्राळ्याकडच्या एका फ्लॅटमध्ये माझं "ऐसपैस" ऐकून गिऱ्हाईकाची आई हॉलच्या मधोमध उभी राहिली, चारी भिंतींकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता चपला घालून बाहेर गेली. फ्लॅट वाईट नव्हता. माझ्या बोलण्याने तिच्या डोक्यात मोठं घर उभं राहिलं होतं, मग खरं घर खुराड्यासारखंच दिसणार ना.

म्हणून ओपनिंग कुलूप उघडायच्या आधी, बाहेर पॅसेजमध्येच करायचं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि लोकं भिंती बघण्यात गुंततात, तिथे तुमचं कोणी ऐकत नाही. त्यात चार गोष्टी सांगायच्या, खरा आकडा, किंमत, एक खोट आणि एक जमेची बाजू, याच क्रमाने. माझं बोलणं साधारण असं असतं:

"दादा, काकू, आत जायच्या आधी सांगून देतो. घर लहान आहे, कार्पेट ४१० फूट, बाल्कनी यात धरलेली नाही. मालक १९ लाख मागतोय. बेडरूमची एक भिंत पश्चिमेची आहे, मे महिन्यात दुपारनंतर तापते. पण किचनला बाहेर उघडणारी मोठी खिडकी आहे, ती मला या घरात सगळ्यात आवडते. आता तुम्ही बघा."

आकडा तुम्ही स्वतः टेपने मोजलेला पाहिजे. जुन्या करारात बहुतेक वेळा बिल्टअप लिहिलेलं असतं, तो मोठा आकडा सांगितला आणि घरी जाऊन त्यांनी हिशोब केला की विश्वास गेलाच. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, तसंच मोजा.

खोट लपवायला काही जण पश्चिमेचं घर मुद्दाम सकाळी दहाला दाखवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, ते तुमच्या गिऱ्हाईकालाही माहितीये! मी उलट म्हणतो, आवडलं तर दुसऱ्यांदा दुपारी चारला या आणि भिंतीला हात लावून बघा. जे येतात ते बहुतेक वेळा भिंतीचा खर्च मनात धरून आलेले असतात, मग त्या मुद्द्यावरून टोकन देताना घासाघीस होत नाही.

दार उघडलं की त्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही उंबऱ्यापाशी थांबा. लहान हॉलमध्ये तुम्ही एक माणूस जास्त झालात की हॉल अजून लहान होतो. सोफा कुठे, टीव्ही कुठे एवढं सांगा, बस.

बाथरूममध्ये नळ सोडा, फ्लश ओढा. पाणी किती दिवसाआड येतं आणि टाकी किती लिटरची ते त्यांनी विचारायच्या आधी सांगा.

बेडरूमला वेळ द्या, कारण "पलंग बसेल का" हा प्रश्न इथे येतो आणि तोंडी "बसेल हो" पुरत नाही. दहा बाय दहाची खोली धरा. पलंग पाच बाय साडेसहा. आता कपाट पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं तर साडेतीन फूट उरतात, त्यात दोन फूट कपाटच खातं, दीड फुटात माणूस आडवा होऊन चालेल. तेच कपाट बाजूच्या भिंतीला लावलं आणि पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला की मधे तीन फूट मोकळे राहतात, दारंही नीट उघडतात. मी खिशात खडू ठेवतो आणि हे फरशीवर आखून दाखवतो, मग ते स्वतःच त्या रेघांमधून चालून बघतात.

किचन शेवटी. इथे आईशी बोला, मुलाशी नाही. खिडकी उघडून सांगा की शेवभाजीच्या फोडणीचा ठसका इथून बाहेर जातो, सिलेंडर इथे, फ्रीज तिथे. पिंप्राळ्याच्या त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी असाच एक फ्लॅट दाखवताना एका काकूंनी विचारलं, "भाऊ, मी बिबडे कुठे वाळवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, गच्चीला कुलूप होतं आणि चावी कोणाकडे ते मी विचारलंच नव्हतं. आता गच्चीची चावी घेऊनच निघतो आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया घालायला सोसायटीची परवानगी आहे का ते सेक्रेटरीला आदल्या दिवशी फोन करून विचारतो. परवानगी नसेल तर तेही दारातल्या त्या चार गोष्टींत खोट म्हणून सांगतो.