कार्ड मशीनमध्ये किल्ल्या टाकताना या चुका टाळा: सगळा घोळ आठव्या बाइटमध्ये

प्रत्येक व्यवहाराला वेगळी किल्ली देणाऱ्या डीयूकेपीटी पद्धतीवर कोणी मदत मागितली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: मशीनने पाठवलेला केएसएन, म्हणजे किल्लीचा अनुक्रमांक, काय आहे? दहापैकी नऊ जणांनी तो बघितलेलाच नसतो. कोड पाठवतात, स्क्रीनशॉट पाठवतात, "सर, अर्जंट आहे" असंही लिहितात. केएसएन मात्र नाही. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ. पुढच्या दोन मोठ्या चुका त्यातूनच निघतात.

बँकेकडे किंवा स्विचकडे एक मूळ किल्ली असते, बीडीके. ती हजारो मशीनसाठी एकच असते आणि एचएसएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षित यंत्राच्या बाहेर कधीच उघडी येत नाही. मशीन दुकानात जाण्याआधी सुरक्षित खोलीत बीडीके आणि त्या मशीनचा क्रमांक यांच्यापासून एक वेगळी किल्ली काढतात, तिला आपण सगळे आयपेक म्हणतो. मशीनमध्ये फक्त आयपेक आणि केएसएन जातात. आयपेक पोचली की मशीन तिच्यापासून २१ पुढच्या किल्ल्या तयार करून ठेवतं आणि आयपेक पुसून टाकतं. नंतर प्रत्येक व्यवहाराला एक किल्ली वापरायची, लागतील त्या नव्या काढायच्या आणि वापरलेली पुसायची. आज कोणी मशीन फोडलं तरी कालच्या व्यवहाराची किल्ली त्यात सापडत नाही.

होस्टला, म्हणजे बँकेकडच्या किंवा स्विचकडच्या सर्व्हरला, या किल्ल्या साठवाव्या लागत नाहीत. प्रत्येक संदेशासोबत केएसएन येतो. होस्ट त्यावरून आयपेक पुन्हा काढतो, मग काउंटरमधल्या १ असलेल्या बिटांवरून, मोठ्या बिटापासून लहानाकडे, एकेक पायरी उतरत त्या व्यवहाराच्या किल्लीपर्यंत पोचतो. काउंटर ३ असेल तर आधी २ ची किल्ली, तिच्यापासून ३ ची. होस्टला फार पायऱ्या उतराव्या लागू नयेत म्हणून ज्या काउंटरमध्ये दहापेक्षा जास्त १ आहेत तो मशीन वगळूनच पुढे जातं.

ट्रिपल डीईएसच्या पद्धतीत केएसएन दहा बाइटांचा, म्हणजे ८० बिटांचा. पहिली ५९ बिटं किल्लीच्या संचाची आणि मशीनची ओळख सांगतात, शेवटची २१ बिटं काउंटर. आता २१ ला ८ ने भाग जात नाही. त्यामुळे आठव्या बाइटची वरची तीन बिटं मशीनची आणि खालची पाच काउंटरची. सगळीकडे दिसणारा नमुन्याचा केएसएन `FFFF9876543210E00000` घ्या. त्यातला `E0` म्हणजे हा आठवा बाइट.

चूक पहिली: मास्क न लावता पहिले आठ बाइट उचलणे

आयपेक काढताना केएसएनमधली काउंटरची बिटं शून्य करायची, मग पहिले आठ बाइट बीडीकेने एन्क्रिप्ट करायचे. तो झाला आयपेकचा डावा भाग. उजव्या भागासाठी बीडीकेला `C0C0C0C000000000C0C0C0C000000000` ने एक्सऑर करून तेच आठ बाइट पुन्हा एन्क्रिप्ट करायचे. घाईत असलेला माणूस "पहिले आठ बाइट" एवढंच वाचतो आणि शून्य करायचं विसरतो. गंमत अशी की तरीही सगळं चालतं. चाचणीत चालतं, पायलटमध्ये चालतं, साहेबांच्या डेमोतही चालतं.

एका पेट्रोल पंपावरचं मशीन बंद पडल्याची तक्रार माझ्याकडे आली ती अशीच. प्रत्येक व्यवहाराला होस्टकडून मॅक, म्हणजे संदेशात फेरफार झाला नाही हे दाखवणारी खूण, जुळत नसल्याचा नकार. शेजारची मशीन व्यवस्थित. सपोर्टचा मुलगा म्हणाला, "सर, मशीन बदललं, लगेच चालू झालं. हार्डवेअरच होता प्रॉब्लेम." जुनं मशीन दुरुस्तीला गेलं, तिथे काही सापडलं नाही. थोड्या दिवसांनी दुसऱ्या गजबजलेल्या पंपावर तेच, मग तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी मशीन बदललं की बरं व्हायचं. तोवर पुरवठादाराला "तुमची बॅचच खराब आहे" असं पत्रही गेलं होतं.

मी म्हटलं, "बाबा रे, जुन्या मशीनचा शेवटचा चाललेला केएसएन आणि पहिला नाकारलेला केएसएन, दोन्ही काढून दे." ते लॉगमधून मिळाले. ग्राहकाचे क्रमांक इथे देत नाही, नमुन्याच्या क्रमांकात तेच असं दिसेल:

```
FFFF9876543210E0FFC0   OK
FFFF9876543210E10000   MAC FAIL
```

`FFC0` मध्ये बरोबर दहा १ आहेत, म्हणून पुढचे सगळे वगळून काउंटर थेट `10000` वर जातो. आणि तिथे पहिल्यांदा काउंटर आठव्या बाइटमध्ये शिरतो. `E0` चा `E1` होतो. त्या गेटवेवर मॅक सॉफ्टवेअरमध्येच तपासत होते (ते मला आवडत नाही, पण तो वेगळा विषय) आणि लिहिणाऱ्याने मास्क लावलाच नव्हता. त्यामुळे होस्टच्या लेखी हे दुसरंच मशीन झालं, आयपेक वेगळी निघाली आणि तिथून पुढचा एकही मॅक जुळला नाही.

इथवर पोचायला किती व्यवहार लागतात? `FFC0` पर्यंतचे वगळलेले काउंटर सोडून ५८,६५०. पंपावर दिवसाला सव्वादोनशे विनंत्या धरल्या तर साडेआठ महिने. छोट्या दुकानात ही चूक मशीनच्या आयुष्यात कधी दिसणारही नाही. मशीन बदललं की काउंटर १ पासून सुरू, म्हणून "बरं झालं". हार्डवेअरचा काडीचाही संबंध नव्हता.

दुरुस्ती तीन ओळींची. मी त्या पाठ केल्यात आणि कुठल्याही नव्या कोडमध्ये आधी याच शोधतो:

```
ksn  = bytes.fromhex("FFFF9876543210E10000")
base = ksn[:7] + bytes([ksn[7] & 0xE0])
ctr  = int.from_bytes(ksn[7:], "big") & 0x1FFFFF
```

इथे `base` नेहमी `FFFF9876543210E0` यायला हवा, काउंटर काहीही असो. चाचणीत `00001` एकट्याने खूश होऊ नका. `E0FFC0` आणि `E10000` ने संपणारे दोन्ही केएसएन घाला आणि दोन्हींची आयपेक एकच येते का ते बघा. नमुन्याची बीडीके `0123456789ABCDEFFEDCBA9876543210` असेल तर ती `6AC292FAA1315B4D858AB3A3D7D5933A` आली पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, पण "आधी लाइव्ह जाऊ, मग बघू" म्हणणाऱ्यांना ही पाच मिनिटं कधी सापडत नाहीत.

चूक दुसरी: मशीनचे क्रमांक एक्सेलमध्ये ओढून वाढवणे

ही माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट, कारण हिच्यात काहीही बंद पडत नाही.

नव्या मशीनचा गठ्ठा आला की प्रत्येकाला वेगळा केएसएन द्यावा लागतो. कोणीतरी एक्सेल उघडतो, पहिले सोळा अंक लिहितो आणि पुढे एकेक वाढवत खाली ओढतो. `...3210E0`, `...3210E1`, `...3210E2`. दिसायला सगळे वेगळे. पण आठव्या बाइटची खालची पाच बिटं काउंटरची, हे विसरलात? किल्ली टाकताना ती शून्य होतात. म्हणजे `E0` पासून `FF` पर्यंत ओळीने ३२ मशीनना एकच आयपेक आणि एकच केएसएन मिळतो. पुढचं खरं मशीन `E1` नाही, ते हे:

```
FFFF9876543210E00000   पहिलं
FFFF9876543211000000   त्याच्या पुढचं
```

म्हणजे आठव्या बाइटमध्ये एक नव्हे, हेक्सचे `20` मिळवायचे. `E0` मध्ये मिळवले की हातचा सातव्या बाइटमध्ये जातो.

अशी ३२ मशीन बाजारात गेली तर व्यवहार बिनबोभाट होतात. होस्टला हवा तो केएसएन मिळतो, किल्ली जुळते, पिन उलगडतो. फक्त प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली हे जे वचन होतं ते मोडलेलं असतं: एकाच किल्लीने ३२ दुकानांत पिन झाकले जातात आणि एक मशीन फुटलं की बाकीच्यांच्या पुढच्या किल्ल्याही हाती लागतात. बहुतेक होस्ट याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आधीच्या मशीनची किल्ल्यांची फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी कॉपी करणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं.

पकडायचं कसं? मी दर महिन्याला लॉगमधून प्रत्येक टीआयडीचा, म्हणजे टर्मिनल क्रमांकाचा, केएसएन काढतो, मास्क लावतो आणि एकच ओळख दोन टीआयडींखाली दिसते का बघतो. मशीन बदलल्यामुळे एका टीआयडीखाली दोन ओळखी असणं ठीक. एका ओळखीखाली दोन टीआयडी दिसले तर आधी मशीन दुसऱ्या दुकानात हलवलं होतं का ते विचारा. नसेल तर ती मशीन त्याच दिवशी परत मागवा. आणि केएसएन एक्सेलमध्ये करूच नका, छोट्या स्क्रिप्टने करा. एक्सेलला `3210E0` हा हेक्स वाटतच नाही, तो त्याला ३२१० हा आकडा वाटतो. तुमचं हेक्स गेलंच म्हणून समजा.

बाकीच्या, थोडक्यात

चेक व्हॅल्यूची गल्लत. कागदावर बीडीकेची चेक व्हॅल्यू, म्हणजे किल्ली न दाखवता ती ओळखायची खूण, असते, वर दिलेल्या नमुन्याच्या बीडीकेची `08D7B4`. मशीन दाखवतं ती आयपेकची. दोन्ही जुळणार नाहीत, जुळायलाही नकोत. जुळल्या तर घाबरा: कोणीतरी आयपेकच्या जागी बीडीकेच मशीनमध्ये टाकली आहे. नुसतं मशीन पुसून भागत नाही, ती बीडीके बाद धरून नवी बनवावी लागते.

निघालेली किल्ली तशीच वापरणे. नमुन्यात काउंटर १ ची किल्ली `042666B49184CFA368DE9628D0397BC9`. पिनसाठी दोन्ही अर्ध्यांचा शेवटचा बाइट `FF` ने एक्सऑर करून `042666B49184CF5C68DE9628D0397B36` होते. मॅकसाठी शेवटून दुसरा बाइट. कार्डाच्या डेटासाठी शेवटून तिसरा, आणि मग ती किल्ली स्वतःच्याच किल्लीने एकदा एन्क्रिप्ट करायची. हे शेवटचं पाऊल लोक हमखास गाळतात. पिन चालतो, डेटा कचरा येतो, अशी तक्रार आली की मी कोड न बघताच हे सांगतो.

पिन चुकीचा की किल्ली चुकीची? ग्राहकाला पुन्हा पुन्हा पिन दाबायला लावण्याआधी एचएसएमचं उत्तर बघा. थेल्सच्या पेशील्डवर एरर २० आला तर उलगडलेला पिन ब्लॉक वैधच नाही. आधी किल्ली, केएसएन आणि कार्ड क्रमांक तपासा, ग्राहकाला छळू नका.

केएसएनच्या सुरुवातीचे `F` काही मशीन गाळून पाठवतात. ते डावीकडून भरायचे. उजवीकडे शून्यं चिकटवणारे महाभाग मी पाहिलेत.

खरी बीडीके इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून "जरा तपासून बघणे". यावर मी काही बोलत नाही, कारण जे बोलावंसं वाटतं ते इथे छापता येणार नाही. तपासायला नमुन्याची बीडीके आहे, ती जगजाहीर आहे.

काउंटर संपणे. वगळलेले सोडले तर एका आयपेकवर १०,४८,५७५ किल्ल्या मिळतात, मग मशीन थांबतं आणि नवी आयपेक टाकावी लागते. हे दुकानात क्वचितच होतं. पण लॅबमधल्या रात्रंदिवस चालणाऱ्या चाचणीच्या मशीनवर होतं, आणि तेव्हा लोक फर्मवेअरला शिव्या देतात.

आणि एईएसवर जाणाऱ्यांनो, जुना मास्क सोबत नेऊ नका. तिथे केएसएन बारा बाइटांचा, त्यात आठ बाइट ओळख आणि चार बाइट काउंटर. बाइट अर्धा कापावाच लागत नाही. तरी जुन्या कोडमधला `& 0xE0` तसाच चिकटवलेला मी पाहिलाय, आणि त्यामुळे आठव्या बाइटची खालची पाच बिटं मशीनच्या ओळखीतूनच उडत होती.